काच काळी आहे, पण ती अतिनील किरणे अडवते का? गॉगल निवडताना खुणा कशा वाचाव्यात

होळी सरली की नाशिकमध्ये शालिमारपासून पंचवटीपर्यंत रस्त्याच्या कडेला गॉगलचे उभे फळे दिसू लागतात. गिऱ्हाईक एक गॉगल डोळ्यांवर चढवतो, मान वर करून आकाशाकडे पाहतो, डोळ्यांना गार वाटले की पैसे देऊन पुढे निघतो. या परीक्षेत फक्त एकच गोष्ट तपासली जाते, ती म्हणजे काच डोळ्यांना दिसणारा प्रकाश किती कमी करते. डोळ्यांना इजा करणारी अतिनील किरणे मात्र दिसतच नाहीत, त्यामुळे ती काचेतून आत येत आहेत की अडत आहेत हे डोळ्यांवर गॉगल लावून कुणालाही सांगता येणार नाही, मग तो विक्रेता असो, गिऱ्हाईक असो वा नेत्रतज्ज्ञ.

काचेचा गडदपणा आणि अतिनील किरणे अडवण्याची तिची क्षमता हे दोन स्वतंत्र गुण आहेत. गडदपणा रंगद्रव्यामुळे येतो. अतिनील किरणे मात्र काचेच्या मूळ पदार्थामुळे किंवा त्यात मुद्दाम मिसळलेल्या शोषक द्रव्यामुळे अडतात. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक मुळातच सुमारे ३८० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणे शोषून घेते, म्हणून पॉलिकार्बोनेटचा अगदी पारदर्शक चष्माही या बाबतीत भक्कम असतो. याउलट शोषक द्रव्य न मिसळलेले अॅक्रिलिक कितीही काळे रंगवले तरी त्यातून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग आत येऊ शकतो. साधी खिडकीची काच अतिनील-बी किरणे बहुतांश अडवते, पण अतिनील-ए किरणे तिच्यातून बऱ्यापैकी जातात.

डोळ्यात कोणते किरण कुठपर्यंत पोहोचतात

सूर्याची अतिनील किरणे तीन गटांत विभागली जातात. सर्वांत लहान तरंगलांबीची अतिनील-सी किरणे ओझोनचा थर वरच अडवतो, त्यामुळे जमिनीवर त्यांची चिंता करावी लागत नाही. २८० ते ३१५ नॅनोमीटरची अतिनील-बी किरणे मुख्यतः डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात शोषली जातात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरची अतिनील-ए किरणे त्याच्या पलीकडे, डोळ्यातील नैसर्गिक भिंगापर्यंत पोहोचतात आणि प्रौढ माणसात बहुतेक तिथेच अडतात. ती दृष्टिपटलापर्यंत फारशी जात नाहीत. लहान मुलांचे भिंग अधिक स्वच्छ असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांत हा बांध कच्चा असतो.

इजेचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. थोड्या वेळात फार मात्रा मिळाली तर पारपटल भाजल्यासारखे होते. काचेविना वेल्डिंगकडे पाहणाऱ्याला काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही, तो हाच त्रास. दुसरा प्रकार वर्षानुवर्षे साचत जातो. बुबुळाच्या कडेवर, बहुधा नाकाच्या बाजूने, मांसाचा त्रिकोणी पडदा वाढत येणे, भिंगाच्या बाहेरच्या थरात मोतीबिंदू होणे आणि पापण्यांच्या कातडीचे काही कर्करोग यांचा संबंध दीर्घकाळच्या उन्हाशी जोडला गेला आहे. चुकीच्या गॉगलचा धोका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याची चाहूल लागत नाही, म्हणूनच वापरणारा वर्षानुवर्षे निर्धास्त असतो.

काळी काच इजा वाढवते ती कशी, याचा हिशोब

उघड्या डोळ्यांपेक्षा शोषक नसलेला काळा गॉगल अधिक वाईट ठरू शकतो, या विधानाचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात दिले जाते: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त किरणे आत शिरतात. हे खरे आहे, पण अपुरे आहे. माझ्या मते बाहुलीपेक्षा पापण्यांचा वाटा मोठा आहे आणि तो आकड्यांनी तपासून पाहण्यासारखा आहे.

नाशिकरोडला राहणारा आणि निफाडच्या द्राक्षबागेत कामाला जाणारा एक दुचाकीस्वार डोळ्यांसमोर आणू. सकाळी तो पूर्वेकडे जातो आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परततो, म्हणजे दोन्ही वेळा ऊन समोरून तोंडावर घेतो. गॉगल नसताना तो डोळे बारीक करतो. पापण्यांमधली एरवी सुमारे १० मिलीमीटरची फट समजा ४ मिलीमीटरवर येते आणि बाहुलीचा व्यास २ मिलीमीटर असतो. आता त्याने गडद गॉगल लावला. डोळ्यांना आराम वाटल्यामुळे पापण्या ९ मिलीमीटरपर्यंत उघडल्या आणि बाहुली २.५ मिलीमीटर झाली. पापण्यांची फट सव्वादोन पट झाली. बाहुलीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते साधारण १.५६ पट झाले.

समजा ही काच दृश्य प्रकाश फक्त १० टक्के आत सोडते, पण अतिनील-ए किरणे ७० टक्के सोडते. डोळ्याच्या पुढच्या भागासाठी हिशोब ०.७ गुणिले २.२५, म्हणजे सुमारे १.६. उघड्या, बारीक केलेल्या डोळ्यांपेक्षा दीडपटीहून अधिक मात्रा. आतल्या भिंगासाठी हिशोब ०.७ गुणिले १.५६, म्हणजे सुमारे १.१, किंचित जास्त. काच ५० टक्के अतिनील सोडणारी असेल तर पुढच्या भागाचा आकडा १.१ च्या आसपास येतो, म्हणजे गॉगल असून नसल्यासारखा, आणि आतल्या भिंगाचा ०.८ च्या आसपास, म्हणजे थोडासा फायदा. आता तीच गडद काच फक्त १ टक्का अतिनील सोडणारी घ्या. पुढच्या भागाचा आकडा ०.०२ वर येतो. गडदपणा तोच, डोळ्यांना वाटणारा गारवा तोच, आणि परिणामात सत्तर पटींचा फरक.

हा हिशोब ढोबळ आहे, कारण प्रकाश सगळीकडून सारखा येतो असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात बाजूने आणि वरून येणारा प्रकाश काचेतून जातच नाही, तो चौकटीच्या कडेने शिरतो. पापण्या उघड्या असल्यामुळे त्यालाही वाट मोकळी मिळते. कानाच्या बाजूने तिरके येणारे किरण पारपटलाच्या गोलाईमुळे वळून बुबुळाच्या नाकाकडच्या कडेवर एकवटतात, आणि तो मांसाचा पडदा बहुधा नाकाच्याच बाजूने का वाढतो याचे हे एक सयुक्तिक कारण मानले जाते. म्हणून उत्तम काचेचा पण टिकलीएवढा गॉगल हा अर्धाच उपाय आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. रस्त्यावरचा प्रत्येक स्वस्त गॉगल असा घातक नसतो. त्यातले अनेक पॉलिकार्बोनेटचे असतात आणि अतिनील किरणे चांगली अडवतात. महाग गॉगलची किंमत बहुतेक वेळा चौकटीची आणि नावाची असते. अडचण एवढीच की शंभर रुपयांच्या दोन गॉगलपैकी कोणता कसला आहे हे पाहून किंवा लावून कळत नाही, आणि तिथेच खुणा वाचण्याचे काम सुरू होते.

खुणा वाचण्याचा क्रम

पहिल्यांदा काचेवरचा स्टिकर बाजूला ठेवा आणि गॉगलच्या दोन्ही काड्यांची आतली बाजू पाहा. तिथे छापील किंवा कोरलेली अक्षरे असतात. डाव्या काडीवर बहुधा मॉडेलचा क्रमांक, रंगाचा सांकेतांक आणि ५८, छोटा चौकोन, १६, मग १४५ असे आकडे आढळतात. हे आकडे मापाचे आहेत: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सारे मिलीमीटरमध्ये. त्यांचा संरक्षणाशी काही संबंध नाही. तरीही १४५ हा आकडा कुठल्याशा संरक्षणाचा असावा असा समज करून घेणारे गिऱ्हाईक दुकानात भेटतात, म्हणून हे आधीच स्पष्ट केले.

दुसऱ्या टप्प्यात ‘यूव्ही ४००’ ही खूण शोधा. ही काच ४०० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणे जवळजवळ पूर्ण अडवते, असा उत्पादकाचा दावा त्यातून कळतो. ४०० ही तरंगलांबीची मर्यादा आहे, ती टक्केवारी किंवा ताकद नव्हे. ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ असे लिहिलेले असेल तर कोणत्या तरंगलांबीपर्यंत, हा प्रश्न शिल्लक राहतो. कारण कुणी ३८० नॅनोमीटरपर्यंतच्याच किरणांना शंभर टक्क्यांत धरतो. नुसते ‘यूव्ही प्रोटेक्शन’ असे आकड्याविना लिहिले असेल तर त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

तिसऱ्या टप्प्यात मानकाचे नाव पाहा. युरोपात आणि त्यांच्या पद्धतीने विकल्या जाणाऱ्या गॉगलवर ‘सीई’ ही खूण आणि माहितीपत्रकात आयएसओ १२३१२-१ हा क्रमांक असतो. अमेरिकी गॉगलसाठी एएनएसआय झेड८०.३ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी एएस/एनझेडएस १०६७ ही मानके आहेत. आयएसओच्या मानकात अतिनील मोजणी ३८० नॅनोमीटरपर्यंतच होते, म्हणून ‘सीई’ आहे म्हणजे ‘यूव्ही ४००’ही असेलच असे समजू नये. दोन्ही खुणा असतील तर उत्तम. ‘सीई’बद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: साध्या गॉगलच्या बाबतीत ती उत्पादकाची स्वतःची घोषणा असते, कुणा त्रयस्थ प्रयोगशाळेने दिलेला शिक्का नसतो. नकली मालावर ती छापायला फारसे काही लागत नाही. तिचे वजन ती छापणारा कोण आहे आणि तो सापडू शकतो की नाही, यावर अवलंबून आहे.

म्हणून चौथ्या टप्प्यात डबा उलटून पाहा. भारतात वेष्टनबंद मालावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क देणे २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमापे नियमांनुसार आवश्यक आहे. संरक्षणाचा दावा छापलेला आहे पण दावा करणाऱ्याचा पत्ताच नाही, अशा डब्यावर मी विश्वास ठेवणार नाही. दुकानदाराला पक्क्या बिलावर ‘यूव्ही ४००’ असे लिहून द्यायला सांगावे. जो दुकानदार खात्रीने लिहून देतो, त्याच्या मालाला निदान उत्तरदायी माणूस मिळतो.

१, २, ३, ४ या अंकांचा अर्थ

काडीवर ‘कॅट’ हे अक्षरसंक्षेप आणि त्यापुढे ० ते ४ मधला एक अंक असतो. सर्वांत जास्त गैरसमज याच अंकाबद्दल आहे. अंक मोठा म्हणजे संरक्षण जास्त, असे बहुतेकांना वाटते. हा अंक फक्त दृश्य प्रकाशाचा आहे. ० म्हणजे ८० ते १०० टक्के प्रकाश आत येतो, १ म्हणजे ४३ ते ८०, २ म्हणजे १८ ते ४३, ३ म्हणजे ८ ते १८ आणि ४ म्हणजे केवळ ३ ते ८ टक्के. नाशिकच्या उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्याला आणि दिवसा गाडी चालवणाऱ्याला ३ हा अंक पुरेसा आहे. ४ क्रमांकाची काच बर्फाळ पर्वत किंवा तशाच प्रखर उजेडासाठी असते, ती लावून वाहन चालवू नये. अशा गॉगलवर काट मारलेल्या मोटारीचे चिन्ह असते. त्या गडद काचेतून सिग्नलचे दिवे आणि रस्त्याकडेच्या सावलीतली माणसे नीट दिसत नाहीत. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तर ३ क्रमांकाची काचही काढून ठेवावी.

‘पोलराइज्ड’ ही आणखी एक वेगळीच खूण आहे. गंगापूर धरणाच्या पाण्यावरून, ओल्या डांबरावरून किंवा समोरच्या गाडीच्या बॉनेटवरून येणारी चकाकी ती कमी करते आणि वाहनचालकाला तिचा खरोखर फायदा होतो. अतिनील किरणांशी तिचा थेट संबंध नाही. विक्रेता मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल फिरवून तो काळा होताना दाखवतो, किंवा एक चित्र समोर धरून त्यातला लपलेला मासा दाखवतो. त्यातून फक्त पोलराइज्डपणा सिद्ध होतो.

खुणांची पडताळणी

चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत अतिनील किरणे मोजण्याचे लहान यंत्र असते. तिथे जुना-नवा कोणताही गॉगल तपासून घेता येतो. तपासणी पाहताना आधी मधे काहीच न ठेवता आकडा घ्यायला सांगा, मग गॉगलची काच ठेवून घ्या. पहिला आकडा शंभराच्या जवळ आणि दुसरा शून्याच्या जवळ आला पाहिजे. यंत्र किती नॅनोमीटरवर मोजते हेही विचारा. अनेक यंत्रे ३६५ च्या आसपास मोजतात, म्हणजे ‘यूव्ही ४००’ दाव्यातला शेवटचा टप्पा त्यात तपासला जात नाही. तरीही काच अगदीच पोकळ आहे का, हे त्यावरून नक्की कळते.

घरी करायची एक चाचणीही उपयोगी आहे, मात्र ती नीट केली पाहिजे. खोलीत अंधार करून नोट टेबलावर ठेवा. नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चचा झोत नोटेच्या क्रमांकावर टाकला की अंक आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. आता गॉगलची काच टॉर्च आणि नोट यांच्या मधे धरा, स्वतः मात्र काचेतून न पाहता बाजूने थेट नोटेकडे पाहा. चमक विझली तर काच ती किरणे अडवत आहे, चमक तशीच राहिली तर गॉगल परत करा. बहुतेक जण गॉगल डोळ्यांवर लावूनच नोटेकडे पाहतात. तेव्हा काळ्या काचेमुळे चमकही मंद दिसते आणि वाईट काच उत्तीर्ण होते. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा असावा. स्वस्त टॉर्च ३९५ चे असतात आणि त्यांच्यासमोर ३८० पर्यंत उत्तम अडवणारी काचही नापास झाल्यासारखी वाटू शकते. टॉर्चच्या झोतात थेट पाहू नये आणि तो मुलांच्या हाती देऊ नये.

घरात कुणाचा उन्हात काळा होणारा फोटोक्रोमिक चष्मा असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. ती काच मुख्यतः अतिनील किरणांमुळेच काळी होते. सावलीत पारदर्शक झालेल्या त्या चष्म्याच्या अर्ध्या काचेवर गॉगलची काच चिकटून धरा आणि दोन्ही मिनिटभर उन्हात ठेवा. सावलीत आणून लगेच पाहिल्यावर झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग काळा दिसला, तर गॉगल आपले काम करत आहे. दोन्ही भाग सारखेच काळे झाले असतील तर तो गॉगल उन्हात वापरू नये.

नंबरचा गॉगल करून घेताना

नंबर असलेली मंडळी दुकानात ‘फायबर’च्या काचेवर टिंट चढवून घेतात. ती काच रंगाच्या गरम द्रवात बुडवून गडद केली जाते, आणि अतिनील शोषकाची प्रक्रिया हे वेगळे काम आहे. नुसते ‘टिंट करून द्या’ म्हटले तर नुसता टिंटच मिळू शकतो. या साध्या फायबरमधून ३५० नॅनोमीटरच्या पुढची अतिनील-ए किरणे आत येऊ शकतात, म्हणून ऑर्डर देतानाच ‘यूव्ही ४०० सह टिंट’ किंवा पॉलिकार्बोनेटची काच असे लिहून घ्यावे आणि चष्मा ताब्यात घेताना यंत्रावर तपासून घ्यावा. चौकटीत आधीपासून बसवलेल्या नमुना काचेवर छापलेला दावा तुमच्या नंबरच्या काचेला लागू होत नाही.

चौकट निवडताना ती भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत झाकणारी, कानशिलाकडे थोडी वळलेली आणि डोळ्यांपासून फार दूर न राहणारी घ्यावी. आरशासमोर मान खाली घालून पाहा. वरच्या कडेतून छताचा दिवा थेट दिसत असेल तर ऊनही तिथूनच येणार. दुपारी बारा वाजता नाशिकचे ऊन डोक्यावर असते, तेव्हा भुवया आणि टोपी डोळ्यांवर बरीच सावली धरतात. सकाळी नऊ-दहा आणि दुपारी तीन-चारचे तिरके ऊन मात्र थेट डोळ्यांत येते, आणि बागेत, बाजार समितीच्या आवारात किंवा शाळा सुटताना लोक त्याच वेळी बाहेर असतात. रुंद कडेची टोपी आणि हा गॉगल एकत्र वापरल्यास वरच्या फटीचा प्रश्न बराच सुटतो.

मुलांसाठी जत्रेत मिळणारे खेळण्यातले गॉगल विकत घेऊ नयेत. त्यांची काच कशाची आहे हे कुठेच लिहिलेले नसते, मुलांची बाहुली मोठ्यांपेक्षा मोठी आणि भिंग अधिक स्वच्छ असते, आणि मूल तो गॉगल भर उन्हात तासन्‌तास लावून खेळते. संरक्षणाची खूण असलेला गॉगल मिळत नसेल तर मुलाला तो काळा चष्मा देण्यापेक्षा नुसती टोपी द्यावी. टोपीखाली तो डोळे बारीक करील आणि शोषक नसलेल्या काळ्या काचेमागे उघडे राहणाऱ्या डोळ्यांपेक्षा ते अधिक सुरक्षित आहे.